पुस्तकाचं ‘चस्तकपु’ का होतं?

‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे वाक्य मराठीच्या अभिमानापोटी इतक्या वेळा उच्चारलं जातं, की ते तपासून बघावं असं सहसा कुणाला वाटत नाही. मला ते तपासायला भाग पाडलं मुलांच्या चच्या भाषेनं. मोठ्यांना कळू नये म्हणून बोलली जाणारी ही भाषा आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी बोललेली असते. मोठेपणी मात्र आपण तिला पोरखेळ म्हणून सोडून देतो. बोलताना शब्दाचे तुकडे कुठे पडतात आणि लिहिताना कुठे पडतात, हे पाहण्याचं इतकं सोपं साधन घराघरात असताना त्याकडे दुर्लक्ष व्हावं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

नियम थोडक्यात सांगतो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. ‘तू काय करतोस?’ याचं होतं ‘चतू चयका चरतोसक?’ ‘आईला सांगू नको’चं होतं ‘चईलाआ चगूसां चकोन’. तू, मी, जा अशा एका अक्षराच्या शब्दांत हलवायला दुसरं काहीच नसतं, म्हणून तिथे नुसता च चिकटतो.

एवढा साधा नियम, तरी शेजारी बसलेल्या माणसाला काहीच का कळत नाही? ऐकणारा मेंदू शब्द पूर्ण होण्याची वाट बघत नाही, हे त्याचं कारण. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की वाक्याचा संदर्भ असेल तर आपण शब्द सुरू झाल्यापासून साधारण 200 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, तो ओळखतो. पहिला ध्वनी कानावर पडताच त्या ध्वनीनं सुरू होणारे शब्द मनात जागे होतात आणि पुढच्या प्रत्येक ध्वनीबरोबर त्यातले न जुळणारे गळत जातात. ‘शाळे…’ इतकं ऐकू येईपर्यंत शाळेत, शाळेला असे मोजकेच उरलेले असतात.

चची भाषा नेमका हाच पाया काढून घेते. प्रत्येक शब्द चनं सुरू होत असल्यामुळे पहिल्या ध्वनीवरून काहीच हाती लागत नाही. खरी सुरुवात शेवटी येते आणि तोवर पुढचा ‘च’ सुरू झालेला असतो. शब्दाची सुरुवात जागच्या जागी ठेवून मधेमधे एखादा ठरावीक ध्वनी घुसवायचा, अशाही गुप्त भाषा मुलं वापरतात. त्या कानाला विचित्र वाटल्या तरी मोठ्यांना लवकर उलगडतात, कारण तिथे सुरुवात शाबूत असते.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे येतो. वर मी ‘पहिलं अक्षर’ असं सहज म्हणून गेलो, पण शब्दाचा पहिला तुकडा म्हणजे नेमकं काय?

‘पुस्तक’ हा शब्द सावकाश, टाळीच्या ठेक्यावर म्हणून बघा. दोन टाळ्या पडतात : पुस्, तक्. कानाच्या हिशेबानं पहिला तुकडा ‘पुस्’ आहे. हे फक्त मी म्हणतो असं नाही. शाळेत वृत्तं शिकताना आपण हेच घोकलेलं असतं : जोडाक्षरापूर्वीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरावं. ‘पु’ ऱ्हस्व असूनही तिथे दोन मात्रांचा होतो, कारण ‘स्त’मधला अर्धा स् उच्चारात मागच्या पु ला जाऊन चिकटतो. छंदशास्त्र कानावर उभं आहे.

लिपीचा हिशेब वेगळा आहे. देवनागरीत स्वराच्या आधीची सगळी व्यंजनं त्या स्वराबरोबर एका अक्षरात बांधली जातात. म्हणून लिहिताना तुकडे पडतात ते पु, स्त, क असे. जो स् कानाला पहिल्या तुकड्यात ऐकू येतो, तो कागदावर दुसऱ्या अक्षरात असतो.

मग चच्या भाषेत ‘पुस्तक’चं काय होतं? कानाप्रमाणे कापलं तर ‘पुस्’ शेवटी जाऊन ‘चतकपुस’ व्हायला हवं. प्रत्यक्षात होतं ‘चस्तकपु’. शब्द कापला गेला तो कागदावरच्या अक्षराच्या सीमेवर. ‘काय’ तर त्याहून बोलका आहे. उच्चारात काय् हा एकच तुकडा आहे, टाळी एकच पडते. कानाचा नियम चालला असता तर ‘तू’सारखा तोही अखंड राहून ‘चकाय’ झाला असता. पण तो ‘का’ आणि ‘य’ असा फुटतो आणि ‘चयका’ बनतो. या ‘य’मधला ‘अ’ आपण बोलताना कधीच उच्चारत नाही, तो फक्त लिपीत असतो. ‘करतोस’मध्ये बोलताना कर् आणि तोस् असे दोनच तुकडे आहेत, पण खेळ एकटा ‘क’ उचलतो. जसं बोलतो तसंच लिहीत असतो, तर हे दोन हिशेब वेगळे निघालेच नसते.

अशा कापाकापीत एक अडचण उभी राहते. ‘पु’ निघून गेल्यावर ‘स्तक’ उरतं आणि त्यातला स् मागच्या स्वराविना पोरका होतो. ‘काय’मधून ‘का’ गेल्यावर य् चीही तीच गत होते. इथे ‘च’ कामाला येतो. त्याच्यातला ‘अ’ हा या सुट्या व्यंजनाला टांगायला खुंटी होतो : चस्-तक-पु, चय्-का, चर्-तो-स-क. ‘च’ केवळ चकवण्यासाठी लावतात असं आपल्याला वाटतं, पण माझ्या मते त्याचं मोठं काम हे आहे. च न लावता नुसती अदलाबदल करून ‘स्तकपु’, ‘यका’, ‘रतोसक’ भरभर म्हणून बघा, जीभ ठेचकाळते. च लावला की तेच शब्द वाहू लागतात.

शेवटाला गेलेल्या अक्षराचंही गणित बदलतं. मराठीत शब्दाच्या टोकाचा ‘अ’ बहुधा गळतो, घर हे घर् असं उच्चारलं जातं. पण ‘चरघ’मधल्या घ चा ‘अ’ गाळून चालत नाही, तो पूर्ण म्हणावा लागतो. अनुस्वाराची तर पंचाईतच होते. ‘सांगू’मधल्या टिंबाचा उच्चार ठरतो पुढच्या ‘ग’वरून. ‘चगूसां’मध्ये तो ग निघून पुढे गेलेला असतो. मग कुणी त्या टिंबाचा म् करतं, कुणी न्, तर कुणी नुसतंच नाकात बोलतं.

लिपी नसती तर काय झालं असतं? याचं एक चांगलं उदाहरण पनामाच्या किनाऱ्यावरच्या कुना लोकांत सापडतं. त्यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः तोंडीच चालत आलेली. त्यांच्या मुलांतही पहिला तुकडा शेवटी नेण्याचा खेळ आहे आणि भाषाशास्त्रज्ञ जोएल शेर्झर यांनी 1970 साली त्यावर लिहिलं आहे. कुना भाषेत हाताला ‘अर्गन’ म्हणतात. देवनागरीच्या हिशेबानं याचा पहिला तुकडा नुसता ‘अ’. पण कुना मुलं ‘अर्’ हा अख्खा तुकडा उचलून ‘गनर’ म्हणतात. र् मागच्या ‘अ’लाच चिकटून राहिला, कारण कानाला तो त्याच्याबरोबरच ऐकू येतो. तिथे कापणारा कान आहे, आपल्याकडे डोळा.

वाचायला शिकल्यामुळे ऐकण्याची घडण बदलते, याला प्रयोगांचाही आधार आहे. 1979 साली मानसशास्त्रज्ञ जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचा एकच ध्वनी काढून किंवा जोडून दाखवायला सांगितलं. कधीच शाळेत न गेलेल्या बहुतेकांना ते जमेना. मोठेपणी का होईना पण साक्षर झालेल्यांना पुष्कळच चांगलं जमलं. शब्दाचे सुटे ध्वनी माणसाला आपोआप दिसत नाहीत, लिपी ते दाखवते. ती लिपी रोमन असेल तर सुटा ध्वनी दिसतो, देवनागरी असेल तर आधी अक्षर दिसतं. अर्थात मोराइस यांच्या प्रयोगातलं काम सुटा ध्वनी वेगळा करण्याचं होतं, अख्खी अक्षरं हलवण्याचं नव्हे, म्हणून त्यावरून चच्या भाषेबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. दिशा मात्र कळते.

जाता जाता एका समजाबद्दल बोलायलाच हवं. जुळ्या मुलांची ‘गुप्त भाषा’ म्हणजे काहीतरी दैवी देणगी किंवा पूर्वजन्मीची खूण, असं आजही गंभीरपणे सांगितलं जातं. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधल्या दोन जुळ्या बहिणींनी स्वतःची नवीच भाषा शोधून काढल्याचा गाजावाजा झाला होता. तज्ज्ञांनी रेकॉर्डिंग सावकाश ऐकलं, तेव्हा ती निघाली घरात कानावर पडणाऱ्या इंग्रजी आणि जर्मनची, भरभर बोललेली आणि मोडकी सरमिसळ. दोघींना इतर माणसांचा सहवास फार कमी मिळाला होता. अशा वेळी चमत्काराच्या कौतुकात न रमता मुलांना वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेणं गरजेचं असतं, कारण मागे पडलेलं बोलणं वेळेवर लक्षात आलं तर मदत होऊ शकते. चची भाषा ही याच्या अगदी उलट गोष्ट आहे. ती खेळायला मूळ भाषा चांगली यावी लागते.

ही भाषा फसते कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. नियम उलटवला की मूळ शब्द एकच निघतो, म्हणून एकेका शब्दात संदिग्धता नसते. घोटाळा होतो तो शब्दाच्या पोटातल्या च मुळे. ‘वाचन’चं ‘चचनवा’, ‘चहा’चं ‘चहाच’. भरभर बोलताना नवा शब्द कुठे सुरू झाला हे ऐकणारा ‘च’वरून ओळखतो. मधेच दुसरा च आला की त्याची गाडी रुळावरून घसरते. आणि आजीनं हाच खेळ लहानपणी खेळलेला असेल, तर मुलांचं गुपित पहिल्याच वाक्यात फुटतं. मुलं मग च बदलून दुसरं अक्षर घेतात, पण त्यानं फारसं साधत नाही. पहिलं अक्षर शेवटी जातं हे कळलेल्या माणसाला अक्षर बदलल्याचं लक्षात यायला दोन वाक्यं पुरतात. पहिल्याऐवजी शेवटचं अक्षर पुढे आणलं, म्हणजे कापायची जागाच बदलली, तर तो खरा गोंधळतो.

माझ्या म्हणण्याची परीक्षा कुणालाही घरी घेता येईल. अजून जोडाक्षरं वाचता न येणाऱ्या मुलाला ही भाषा फक्त तोंडी शिकवा. आधी आई, मामा, पाणी असे शब्द द्या, कारण त्यांत कान आणि लिपी एकाच जागी कापतात. त्यावर हात बसला की ‘पुस्तक’ आणि ‘काय’ द्या, पण उत्तर सुचवू नका. लिपीमुळेच शब्द असे कापले जात असतील, तर या मुलाकडून ‘चतकपुस’ आणि ‘चकाय’ यायला हवं. ते मूलही ‘चस्तकपु’ आणि ‘चयका’ म्हणालं, तर मोठ्या मुलांचं ऐकून आलेले शब्द नाहीत ना, हे आधी बघा. नसतील तर माझं स्पष्टीकरण अपुरं आहे, आणि बोलताना गळणारा तो ‘अ’ लिपी शिकण्याआधीच मुलाच्या मनात असतो असं मानावं लागेल. इंग्रजी माध्यमातली, देवनागरी उशिरा शिकणारी मराठी मुलं यासाठी विशेष उपयोगी ठरतील.