‘झाये ना काम’

कापूस जिनिंगवर नेण्याआधी मोबाइलवरूनच वेळ नोंदवता यावी, यासाठी एक ॲप तयार होत होतं. ते बनवणारी मंडळी पुण्यात, वापरणारे अमळनेर-पारोळ्याकडचे शेतकरी. आम्ही सहा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाला एकच काम दिलं: “परवा सकाळी ट्रॅक्टरने 20 क्विंटल कापूस न्यायचाय, नोंद करा.” मदत करायची नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. याला वापरसुलभता चाचणी म्हणतात. चाचणी तशी सोपी असते. बघितलेलं टीमसमोर कसं मांडायचं, तिथे खरा कस लागतो.

सर्वांत झणझणीत वाक्य एका तरुण शेतकऱ्याचं होतं. ओटीपी उशिरा आला तेव्हा तो म्हणाला, “हे ॲप शेतकऱ्यासाठी आहे की इंजिनिअरसाठी?” असं वाक्य पहिल्या स्लाइडवर टाकायचा मोह होतोच. पण ओटीपीवर अडलेला तो एकटाच होता, आणि दोन मिनिटांनी त्याची नोंद झालीही.

दुसरीकडे चार जणांनी सगळी माहिती भरली, शेवटच्या पानावर आले, पण तिथून पुढे गेलेच नाहीत. त्यातल्या एका काकांनी फोन खाली ठेवला, समाधानाने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “झाये ना काम.” काम झालं नव्हतं. त्या पानावर वर हिरवी बरोबरची खूण, खाली तारीख, वजन, गाडी असा तपशील, म्हणजे अगदी पावतीसारखा देखावा. ‘नोंद पक्की करा’ हे बटण त्याच्याही खाली. छोट्या स्क्रीनवर पान वर सरकवल्याशिवाय ते दिसतच नव्हतं. प्रत्यक्षात हे चौघे भरलेली ट्रॉली घेऊन जिनिंगच्या फाटकावर उभे राहिले असते आणि यादीत त्यांचं नावच नसतं. ज्याला आपण चुकलो हेच कळत नाही, तो तक्रार करत नाही. म्हणून नुसती बोलकी वाक्यं वेचणाऱ्या अहवालातून नेमकी हीच अडचण निसटते.

हे चौघे वागले मात्र वेगवेगळे. दोघांनी फोन ठेवला, एकाने मेसेजमध्ये पावती शोधली, एकाने मागे जाऊन सगळं पुन्हा भरलं. पानागणिक टिपणं काढली असती तर या तीन अडचणी वाटल्या असत्या. आम्ही प्रत्येक निरीक्षण वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि कारणानुसार चिठ्ठ्या एकत्र लावल्या, तेव्हा तिन्हींच्या मुळाशी पावतीसारखं दिसणारं ते पान असावं असं दिसलं. अहवालात मात्र ‘चौघांनी बटण दाबलं नाही’ हे आम्ही पाहिलेलं म्हणून लिहिलं आणि ‘पान पावतीसारखं वाटलं असावं’ हा अंदाज म्हणून. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की टीम अंदाजावर वाद घालते आणि त्या भरात पाहिलेलंही नाकारते.

आकडा लिहिताना ‘सहापैकी चार’ असंच लिहावं. ‘67 टक्के’ म्हटलं की हजारो लोकांची पाहणी केल्यासारखं वाटतं. सहाच माणसांवरून हिशेब केला, तर खरं प्रमाण साधारण 30 ते 90 टक्क्यांत कुठेही असू शकतं. अडचण आहे हे सांगायला सहा जण पुरतात, ती नेमकी किती जणांना येते हे सांगायला पुरत नाहीत.

अडचणींच्या क्रमवारीसाठी वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांची 0 ते 4 ही मोजपट्टी आम्ही वापरतो. 0 म्हणजे अडचणच नाही, 4 म्हणजे ॲप बाहेर पडण्याआधी दुरुस्त व्हायलाच हवी. अंक देताना तीन गोष्टी बघायच्या: अडचण किती जणांना येते, आली तर नुकसान किती, आणि एकदा कळल्यावर ती सुटते की पुन्हा पुन्हा आडवी येते. एकट्याने दिलेल्या अंकावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून आम्ही तिघांनी आपापले अंक आधी लिहिले, मगच एकमेकांना दाखवले. गाड्यांच्या यादीत ‘मिनी ट्रक’ होतं. आपल्याकडे त्याला छोटा हत्ती म्हणतात, त्यामुळे तिथे पाच जण थबकले. आमच्यातल्या एकाने त्याला 3 दिले, दुसऱ्याने 1. बोलल्यावर लक्षात आलं की थबकले पाच, पण अडकला कुणीच नाही, आणि दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी आपली गाडी सहज निवडली. शेवटी 1 ठरला. ओटीपीला 2 मिळाले, आणि न दिसलेल्या बटणाला तिघांचेही 4.

बैठकीत पहिल्या क्रमांकाखाली काकांचं वाक्य आम्ही अहिराणीतच ठेवलं, खाली प्रमाण मराठीत अर्थ दिला. नावाऐवजी ‘शेतकरी 3’. वाक्याआधी ते काय करत होते आणि नंतर काय झालं, तेही लिहिलं, कारण एरवी “झाये ना काम” ही कौतुकाची पावतीच वाटली असती. मग त्यांच्या परवानगीने केलेल्या चित्रणातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवला: काका फोन ठेवतात, हसतात, आणि स्क्रीनवर नोंद तशीच अर्धवट. ज्याने ते पान बनवलं होतं तो म्हणाला, “तुकडा परत लावा.” दुसऱ्यांदा बघून त्याने विचारलं, “फोन केवढा होता?”

हिरवी खूण काढली, बटण वर आणलं आणि ‘अजून नोंद झालेली नाही’ अशी ओळ टाकली. धरणगावला नव्या पाच जणांबरोबर पुन्हा बसलो, तेव्हा पाचही जणांनी बटण दाबलं. त्यातले दोघे मात्र नंतर फोन हातात धरून मेसेजची वाट बघत बसले. ॲप मेसेज पाठवतच नव्हतं. नव्या यादीत ती अडचण वर गेली.