पूर्वसंदेश-दृश्यता

संदेशांच्या ग्रुपमध्ये नव्याने दाखल झालेल्या सदस्याला आपल्या येण्यापूर्वीचे मेसेज वाचता येतात का आणि येत असल्यास किती मागपर्यंत, हे ठरवणारा नियम व त्यामागची यंत्रणा. हा प्रश्न अ‍ॅडमिनच्या परवानगीचा समजला जातो, पण परवानगी हा त्याचा एक भाग झाला. जुना मेसेज कोणाकडे साठवलेला आहे आणि तो उलगडण्याची किल्ली कोणाकडे आहे, या दोन गोष्टींवर उत्तर अवलंबून असते. मेसेज सर्व्हरवर वाचनीय रूपात असेल तर एक सेटिंग बदलून काम भागते. तो फक्त सदस्यांच्या फोनमध्ये असेल तर सर्व्हरला देण्याजोगे काही नसते, आणि इतिहास ‘दाखवणे’ म्हणजे कोणीतरी तो पुन्हा पाठवणे.

संकल्पनेचा उगम व परिभाषेचा घोळ : नव्या सदस्याला मागचे वाचता येऊ नये, ही अट चॅटच्या अ‍ॅपमधून आलेली नाही. एकाच प्रक्षेपणाचे अनेक ग्राहक असतील तर त्यांची सामायिक किल्ली कशी बदलत ठेवावी, यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बरेच लेखन झाले. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आरएफसी या मालिकेतील वॉलनर, हार्डर व अ‍ॅगी यांचा २६२७ क्रमांकाचा दस्तऐवज जून १९९९ चा आहे. ग्राहक होण्यापूर्वीच कोणी कूटबद्ध प्रक्षेपण साठवून ठेवले आणि नंतर एका महिन्याची वर्गणी भरली, तर हाती आलेल्या किल्लीने मागचा साठा उघडता कामा नये, असा तो हिशेब होता. या परंपरेत अशा बंदोबस्ताला ‘बॅकवर्ड सीक्रसी’ म्हणजे पश्चगामी गुप्तता म्हणतात. सोडून गेलेल्या सदस्याला पुढचे वाचता न येणे ही ‘फॉरवर्ड सीक्रसी’, म्हणजे अग्रगामी गुप्तता.

अडचण अशी की फॉरवर्ड सीक्रसी हा शब्द आधीच वेगळ्या अर्थाने वापरात होता. क्रिस्टोफ ग्युंथर यांनी युरोक्रिप्ट या कूटशास्त्र परिषदेतील १९८९ च्या निबंधात ‘परिपूर्ण फॉरवर्ड सीक्रसी’ मांडली, तिचा आशय असा : दीर्घकालीन किल्ली पुढे कधी चोरीला गेली तरी आधी झालेला संवाद उलगडू नये. म्हणजे एका परंपरेत हा शब्द भविष्यातील मेसेजचे रक्षण सांगतो, तर दुसरीत भूतकाळातील. काही लेखक दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात वापरतात आणि वाचक गोंधळतो. एप्रिल २००५ च्या आरएफसी ४०४६ मध्ये ‘अग्रगामी’ व ‘पश्चगामी प्रवेश-नियंत्रण’ असे शब्द वापरले आहेत. गुप्तता आणि प्रवेश हे वेगळे विषय असल्याने ती शब्दयोजना अधिक नेमकी वाटते, पण ती फारशी रुळली नाही. संदेश-अ‍ॅपच्या क्षेत्रात ग्युंथर यांचा अर्थ टिकला आहे. जुलै २०२३ च्या आरएफसी ९४२० मधील ग्रुप-संदेशांचे मानकही त्याच अर्थाने बोलते.

इतिहास न ठेवणारी व ठेवणारी व्यवस्था : फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये रचलेल्या आयआरसी या इंटरनेटवरच्या चॅट-व्यवस्थेत सर्व्हर मेसेज पोचवून मोकळा होई. जो हजर नव्हता त्याला ते मिळत नसत, मग तो नवा असो की जुना. जुने हवे असल्यास कोणाच्या तरी संगणकावरची नोंदवही मागून घ्यावी लागे.

टेलिग्रामचे साधे ग्रुप कूटबद्धतेच्या दृष्टीने सर्व्हरवरचे असतात, तरी तेथेही एक जुना सांधा दिसतो. अ‍ॅडमिनला `Chat history for new members` ही सेटिंग मिळते. मोठ्या ग्रुपात, म्हणजे सुपरग्रुपात, ती लपवलेली ठेवली तर नव्याला आधीचे काहीच दिसत नाही. छोट्या मूळ प्रकारच्या ग्रुपात मात्र ‘१०० पेक्षा जास्त मागचे मेसेज दिसणार नाहीत’ अशी सूचना येते. हा शंभराचा आकडा मनमानी वाटतो, पण त्याला कारण आहे. मूळ प्रकारच्या ग्रुपात प्रत्येक सदस्याच्या पेटीत मेसेजची स्वतंत्र प्रत पडते व क्रमांकही त्याच्या पेटीचाच असतो. नव्याला दाखवायचे तर शेवटचे काही मेसेज त्याच्या पेटीत नव्याने टाकावे लागतात. सुपरग्रुपात सर्वांची मिळून एकच मालिका असते. म्हणूनच छोट्या ग्रुपात इतिहास ‘दिसणारा’ केला की त्याचे रूपांतर सुपरग्रुपात होते.

मेट्रिक्समधील किल्ल्यांचा प्रश्न : परवानगी आणि किल्ली या दोन बाबी वेगळ्या आहेत, हे मेट्रिक्स या खुल्या मानकात सर्वांत स्वच्छ दिसते. प्रत्येक खोलीत `m.room.history_visibility` हे मूल्य असते. `joined` म्हणजे सामील झाल्यापासूनचे, `invited` म्हणजे निमंत्रण आल्यापासूनचे, `shared` म्हणजे सदस्य झाल्यावर मागचेही, आणि `world_readable` म्हणजे कोणालाही. काहीच ठरवले नसेल तर `shared` धरतात. हे मूल्य मागे जाऊन लागू होत नाही. मार्चपर्यंत `joined` असेल आणि एप्रिलमध्ये ते `shared` केले, तर नव्या सदस्याला एप्रिलपासूनचेच मिळेल.

पण हा झाला सर्व्हरचा नियम. खोली कूटबद्ध असेल तर सर्व्हर जे देतो ते बंद पाकीट असते. पाकिटाची किल्ली मेगोल्म या पद्धतीने तयार होते. बोलणारा प्रत्येक सदस्य आपली एक मालिका सुरू करतो आणि प्रत्येक मेसेजला तिचे दातेरी चाक एक दाता पुढे सरकते. हे चाक उलटे फिरत नाही : ५७ व्या दात्यावरून ५८, ५९ काढता येतात, ५६ काढता येत नाही. मानकाने सुचवलेल्या मूल्यांनुसार १०० मेसेज किंवा एक आठवडा, यांतील जे आधी होईल तेव्हा मालिका बदलते. कोणी ग्रुप सोडला तरी ती बदलते.

एक उदाहरण घेऊ. गृहनिर्माण सोसायटीच्या समितीची अशी एक खोली आहे. सचिवाने सोमवारी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची दरपत्रके टाकायला सुरुवात केली. मोजणी शून्यापासून धरली तर बुधवारपर्यंत त्यांच्या मालिकेत ० ते ५६ असे ५७ मेसेज झाले. गुरुवारी नवे खजिनदार आले. सचिवाच्या पुढच्या मेसेजसोबत त्यांना किल्ली मिळते ती ५७ व्या दात्याची. खोलीचे मूल्य `shared` असल्याने सर्व्हर आधीचे ५७ मेसेजही निमूटपणे देतो. खजिनदारांच्या पडद्यावर पाठवणाऱ्याचे नाव दिसते, वेळ दिसते, आणि मजकुराच्या जागी ‘उलगडता आले नाही’ अशी सूचना. दोष कुठे आहे हे यावरूनच ओळखता येते. नाव-वेळेच्या ओळी आहेत आणि मजकूर नाही, तर किल्ली पोचलेली नाही. ओळीच नाहीत आणि सामील झाल्याच्या नोंदीपाशी पडदा थांबतो, तर दृश्यतेचे मूल्य आड येते आहे. पहिल्या दोषावर सेटिंग बदलून उपयोग नाही. लोक तरीही तीच बदलत बसतात.

मग जुन्या किल्ल्या द्यायच्या कोणी? या बाबतच्या पहिल्या प्रस्तावात (एमएससी ३०६१) पाठवणारा आपल्या मालिकेच्या किल्लीवरच ‘ही नव्यांना देण्यास हरकत नाही’ अशी खूण करतो आणि निमंत्रण देणारा अशाच किल्ल्या पुढे करतो. खूण किल्लीवर ठेवण्याचे कारण सावधगिरीचे आहे : दृश्यतेचे मूल्य सर्व्हर सांगतो, आणि अप्रामाणिक सर्व्हर ते खोटेही सांगेल. नंतरच्या प्रस्तावात (एमएससी ४२६८) या किल्ल्यांचे एक कूटबद्ध गाठोडे फाइल म्हणून चढवले जाते व ते उघडण्याची माहिती निमंत्रिताला थेट पाठवली जाते. गाठोडे बांधण्याची गरज हिशेबाने कळते. दर आठवड्याला लिहिणारे पाच सदस्य धरले तर वर्षभरात अडीचशेच्या आसपास मालिका होतात. त्या एकेक पाठवण्यापेक्षा गाठोडे बरे.

मर्यादाही येथेच आहे. निमंत्रण देणाऱ्याकडे ज्या किल्ल्या नाहीत त्या गाठोड्यात येत नाहीत. वरच्या उदाहरणात खजिनदारांना दोन महिन्यांपूर्वीच आलेल्या सदस्याने निमंत्रण दिले, तर त्याआधीचा भाग कोराच राहण्याची शक्यता असते. जुना इतिहास हवा असेल तर निमंत्रण सर्वांत जुन्या सदस्याने, तेही नेहमीच्या उपकरणावरून देणे श्रेयस्कर.

व्हॉट्सअ‍ॅप : एप्रिल २०१६ मध्ये दोन टोकांमधील कूटबद्धता पूर्ण झाल्यापासून तेथेही प्रत्येक सदस्याची पुढेच सरकणारी किल्ली असते. शिवाय पोचलेला मेसेज सर्व्हरवर राहत नाही. त्यामुळे मूळ रचनेत नव्या सदस्याला मागचे काहीच दिसत नसे, आणि ‘जरा वरचे परत टाका’ ही विनंती मराठी ग्रुपांत नित्याची झाली. २०२६ च्या सुरुवातीपासून नव्या सदस्याला अलीकडचे २५ ते १०० मेसेज पाठवण्याची सोय टप्प्याटप्प्याने देण्यात आली. तीही मूलतः पुनःप्रेषणच आहे : पाठवणाऱ्याच्या फोनमधील प्रत नव्यासाठी वेगळी कूटबद्ध होते आणि तशी सूचना ग्रुपला दिसते.

त्याहून जुना इतिहास द्यायचा तर चॅट निर्यात करून मजकूर-फाइल पाठवतात. या फाइलबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ती व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत आत घेता येत नाही. जानेवारी २०२१ पासून टेलिग्राममध्ये मात्र घेता येते. फोटोंशिवाय निर्यात केल्यास त्यांच्या जागी `<Media omitted>` एवढेच उरते, आणि सोसायटीच्या ग्रुपात दरपत्रक बहुधा फोटोच असतो. तिसरी गोष्ट नावांची. फाइलमध्ये सदस्यांची नावे येतात ती निर्यात करणाऱ्याच्या फोनमध्ये जतन केलेली. सचिवाने कोणाला ‘बी विंग कटकट’ असे जतन केले असेल, तर वर्षभराच्या संवादात ते नाव ओळीओळीला दिसेल. फाइल साध्या मजकुराची असल्याने ती कोणीही बदलू शकतो. वाद असेल तेथे ती पुरावा म्हणून नव्हे, आठवणीपुरतीच धरावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेली प्रगत चॅट-गोपनीयता चालू असलेल्या ग्रुपात निर्यात बंद असते.

कार्यालयीन साधने : येथे मालक संस्था असल्याने इतिहास बहुधा उघडा असतो. स्लॅकच्या चॅनेलमध्ये, खासगी असले तरी, नव्याला मागचे सर्व दिसते; विनामूल्य योजनेत मात्र ९० दिवसांपलीकडचे कोणालाच दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ग्रुप-चॅटमध्ये सदस्य जोडताना इतिहास अजिबात नको, ठरावीक दिवसांचा हवा की संपूर्ण हवा, असे विचारले जाते. दोघांच्या चॅटमध्ये तिसऱ्याला घेतले तर हा प्रश्न येत नाही, कारण तेथे नवा ग्रुप तयार होतो आणि दोघांचे आधीचे बोलणे जुन्या चॅटमध्येच राहते.