झुंजप्रसंग, अद्भुतकथेतील : (भय व परिणाम यांवर आधारलेली लेखनरीती)

अद्भुतकथेतील लढाईच्या वर्णनात डावपेच आणि वार यांच्या क्रमापेक्षा लढणाऱ्याची भीती व लढाईनंतर उरणारे नुकसान यांना प्राधान्य देणारी रीत. तिचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, असे सामान्यतः मानतात. तिच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही.

एक मत असे, की ही रीत पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून आली. इंग्रज लेखक टॉल्किन 1916 मध्ये फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवर होता. त्याच्या कथेतील फ्रोडोला झालेली जखम वरवर भरते, पण दरवर्षी त्याच तारखेला, 6 ऑक्टोबरला, पुन्हा दुखू लागते. टॉल्किनचे अभ्यासक टॉम शिपी यांनी विसाव्या शतकातील अद्भुतलेखनाचा संबंध युद्धातून परतलेल्या लेखकांशी जोडला आहे. दुसऱ्या मतानुसार ही सामग्री महाकाव्यांइतकी जुनी आहे. बहुधा इ. स. पू. आठव्या शतकात आकाराला आलेल्या इलियडमध्ये अकिलीझ समोर येताच हेक्टर पळत सुटतो आणि ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या मारतो. महाभारताच्या विराटपर्वात कौरवसेना पाहून राजपुत्र उत्तराच्या अंगावर काटा येतो. तो रथातून उडी टाकून पळतो आणि अर्जुन त्याला शंभर पावलांवर केस धरून थांबवतो. पुढे सारथ्य करतानाही रक्ताचा व चरबीचा वास आणि धनुष्याचा टणत्कार त्याला असह्य होतो. घोडे आवरणे जमत नाही, असे तो सांगतो. परिणामांचे सर्वांत कठोर उदाहरण अश्वत्थाम्याचे. रात्रीच्या संहारानंतर त्याच्या कपाळावरचा मणी जातो आणि तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप मिळतो. ती जखम घेऊन तो तेल मागत फिरतो, ही समजूत महाराष्ट्रात आजही घरोघर माहीत आहे. हे दाखले पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महायुद्धाने नवी सामग्री दिली नाही. शापाच्या जागी साधे शरीर व स्मृती आणून ठेवली, एवढे म्हणता येईल.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. नाट्यशास्त्रात (काळ साधारणतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक यांदरम्यान मानला जातो) भयानक रसाचे अनुभाव दिले आहेत. त्यांत हातपाय कापणे, डोळे चंचल होणे, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणे आणि आवाज फुटणे ही लक्षणे येतात. त्याच ग्रंथात युद्ध, मरण व नगराचा वेढा या गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता दोन अंकांमधील प्रवेशकाद्वारे सांगाव्यात, असा नियम आहे. म्हणजे वारांची मालिका नजरेआड आणि तिचा माणसावर झालेला परिणाम समोर, ही मांडणी परंपरेला परकी नाही.

या रीतीतील सर्वांत नाजूक तांत्रिक भाग काळाच्या हाताळणीचा आहे. भीतीच्या क्षणी सर्व काही सावकाश घडताना दिसते, असे लेखक सर्रास लिहितात. 2007 मध्ये स्टेट्सन, फिएस्टा व ईगलमन यांनी हे तपासले. माणसांना 31 मीटर उंचीवरून जाळ्यात मोकळे पडू दिले आणि मनगटावरच्या यंत्रावर वेगाने बदलणारे अंक वाचायला सांगितले. स्वतःचे पडणे इतरांच्या पडण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक लांबल्याचे त्यांनी नंतर सांगितले, पण पडत असताना अंक काही जास्त वेगाने वाचता आले नाहीत. काळ लांबतो तो आठवणीत. लेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की संथ, तपशीलवार झुंज ही मागाहून आठवणाऱ्याच्या तोंडी शोभते. प्रत्यक्ष क्षणात पात्राला कमी दिसावे, कमी ऐकू यावे आणि दिसलेली एखादीच वस्तू अवास्तव स्पष्ट असावी.

उदाहरणार्थ, नदीच्या उतारावर पहारा देणारा तरुण नावाडी भाला घेऊन एका तलवारबाजासमोर उभा आहे, असे समजू. क्रमप्रधान लेखन असे होईल : ‘त्याने डावीकडे झुकून वार चुकवला, गिरकी घेतली आणि भाल्याचा दांडा ढालीवर हाणला.’ या वाक्यात नावाड्याऐवजी सेनापती घातला तरी काही बिघडत नाही, आणि दोष ओळखण्याची खूण हीच. भयप्रधान लेखन असे : ‘दांडा घामाने निसटत होता. समोरच्याचे तोंड हलत होते, शब्द पोचत नव्हते. ढालीवरची एक सुटलेली खीळ तेवढी दिसत होती. तलवार आली तेव्हा त्याने हात आडवा धरला. भाला दुसऱ्या हातात होता, हे त्याच्या ध्यानातच नव्हते.’ येथे वार एकच आहे. तो चुकीच्या हाताने अडवला जातो आणि ती चूक फक्त नवख्याचीच असू शकते.

परिणाम याच वारातून काढावा लागतो. आडव्या धरलेल्या हातावर घाव बहुधा बाहेरच्या अंगाला बसतो. तेथे बोटे सरळ करणाऱ्या स्नायुरज्जू असतात. त्या तुटल्या तर मूठ वळते, पण उघडत नाही. कातडी दोनेक आठवड्यांत जुळते. तुटून मागे सरकलेल्या रज्जू आपोआप जुळत नाहीत. आपल्या नावाड्याला वल्हे धरता येईल, सोडताना मात्र दुसऱ्या हाताने बोटे उकलावी लागतील. प्रवाहात नाव वळवताना ही अडचण रोज समोर येईल. कथानकाला पुढे नेणारा परिणाम असा व्यवसायातून निघतो. त्याऐवजी ‘जखम खोल होती’ एवढ्यावर भागवले, तर पुढच्या प्रकरणात लेखकच ती विसरतो. घाव चिघळून ताप येण्यास काही दिवस लागतात, आणि धनुर्वाताची लक्षणे साधारणतः 3 ते 21 दिवसांत दिसतात, तेव्हा सुटका झाली असे वाचकाला वाटू लागल्यावरही धोका टिकवता येतो.

जखमी माणूस पुन्हा लढतो का, या प्रश्नावर पुरातत्त्वाचा पुरावा उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये टाउटन येथील 1461 च्या लढाईतील मृतांचे सामूहिक दफन 1996 मध्ये सापडले. बहुतेक कवट्यांवर एकाहून अधिक घाव होते. एका माणसाच्या जबड्यावर भीषण पण पूर्ण भरलेली जुनी जखम होती. म्हणजे ती सोसून तो पुन्हा रणात उतरला होता. अशा पात्राची भीती नावाड्यापेक्षा वेगळी लिहावी लागते, कारण काय होणार हे त्याला नेमके ठाऊक असते. तो थरथरणार नाही. बहुधा हनुवटी खाली धरील आणि त्या बाजूने कोणाला येऊ देणार नाही.

जादूने जखमा भरणाऱ्या कथांत ही रीत अडते. उपचार फुकट आणि तात्काळ असेल तर भीतीला आधार उरत नाही. म्हणून त्याला मर्यादा घालतात : वैद्य एक आणि जखमी अनेक, किंवा मांस जुळते पण रज्जू जुळत नाहीत. पहिली मर्यादा अधिक फलदायी दिसते, कारण तीत कोणाला वाचवायचे हा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. हालचालींचे वर्णन पूर्ण गाळणे मात्र इष्ट नाही. कोण कोठे उभा आहे, पाणी किती खोल आहे, मागे वाट आहे की नाही, हे झुंज सुरू होण्याआधीच वाचकाला माहीत असावे लागते. वाट बंद आहे हे कळल्याशिवाय पात्राच्या भीतीचे कारण वाचकापर्यंत पोचत नाही. द्वंद्वस्पर्धा, गुरुशिष्यांचा सराव यांसारख्या प्रसंगांत, जेथे कौशल्य हाच विषय असतो, क्रमप्रधान वर्णनच योग्य ठरते.