रक्ती जुलाब आणि अँटिबायोटिक: कुत्र्यांच्या उपचारातल्या एका वादाची पार्श्वभूमी

कुत्र्याला अचानक जुलाब सुरू झाले की मेट्रोनिडाझोल लिहून द्यायचं, ही सवय पशुवैद्यकात कित्येक दशकं मुरलेली होती. हे औषध 1960 च्या सुमारास माणसांतल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी वापरात आलं. पुढे जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीवर आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर त्याचा उपयोग होऊ लागला. ते आतड्याची सूजही उतरवतं, असा समज मग त्याला चिकटला. साधे जुलाब बहुतेकदा आठवडाभरात आपोआप थांबतात. गोळी चालू असताना थांबले की श्रेय गोळीला मिळायचं. त्याच्याच जोडीने एक-दोन दिवस उपाशी ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जाई.

साध्या जुलाबांत अँटिबायोटिकची गरज नाही, हे पटायला फारसा वेळ लागला नाही. घोडं अडलं ते रक्ती जुलाबांपाशी. आतड्याचं अस्तर सोलवटलं आहे, तेव्हा जिवाणू रक्तात शिरणारच, म्हणून आधीच अँटिबायोटिक द्यावं, असा युक्तिवाद होता. अशा अनेक कुत्र्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा अस्तर फोडणारा विषारी घटक सापडल्यावर त्याला आणखी बळ मिळालं. पण लक्षणं दिसेपर्यंत विषाने आपलं काम उरकलेलं असतं आणि अस्तर पुन्हा भरून यायला अँटिबायोटिकची मदत लागत नाही.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेप्सिसची, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागल्याची, चिन्हं नसलेल्या रक्ती जुलाबाच्या कुत्र्यांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड किंवा औषधहीन गोळी दिली गेली. आजाराची तीव्रता, दवाखान्यात राहण्याचा काळ आणि मृत्यू, यांत लक्षणीय फरक दिसला नाही. अशा कुत्र्यांच्या रक्तात जिवाणू सापडण्याचं प्रमाणही निरोगी कुत्र्यांपेक्षा जास्त नसल्याचं पुढे दिसलं. तिथे मूळ युक्तिवादाचा पायाच हलला.

दुसरी बाजूही आहे. 2020 च्या एका चाचणीत मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या कुत्र्यांचे जुलाब सरासरी 2.1 दिवसांत थांबले, न घेणाऱ्यांचे 3.6 दिवसांत. म्हणजे फायदा दीड दिवसाचा. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला: निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे हेच औषध दिल्यावर आतड्यातल्या जिवाणूंची घडी औषध थांबवून चार आठवडे झाले तरी पूर्ण बसली नव्हती. आपोआप बरा होणारा आजार दीड दिवस आधी आटोपण्यासाठी ही किंमत परवडत नाही. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांचा कलही तोच आहे: रक्त दिसलं एवढ्यावरून अँटिबायोटिक नको, कुत्र्याची एकंदर अवस्था पाहून ठरवा.

ही अवस्था कशी जोखायची? समजा, 10 किलोचा लसीकरण झालेला कुत्रा आहे. लालभडक पाण्यासारखे जुलाब, दोन उलट्या, मलूल. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा, 62 टक्के, म्हणजे पाणी घटून रक्त दाट झालेलं, पण रक्तातली प्रथिनं वाढलेली नाहीत, कारण पाण्याबरोबर तीही आतड्यात झिरपतात. द्रव इतक्या झपाट्याने जातं की कातडीची चिमूट पटकन पूर्ववत होते आणि तूट कमी भासते.

ती तूट वजनाच्या 7 टक्के धरली तर 700 मिली भरून काढायचे. नाडी क्षीण असेल तर त्यातले 150 मिली शिरेतून पंधरा-वीस मिनिटांत, मग पुन्हा तपासणी. उरलेले सहा ते बारा तासांत. रोजच्या गरजेचे ताशी 20 ते 25 मिली वेगळे. शिवाय चालू जुलाबांतून जाणारं द्रव मोजायचं: अंगाखालचं पॅड कोरडं आणि भिजल्यावर वजन करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. हा हिशेब टाळला की सलाईन चालू असूनही तूट भरत नाही.

द्रव पुरेसं गेल्यावर हिमॅटोक्रिट उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि कुत्रा मान वर करून पाहू लागतो. असं झालं तर अँटिबायोटिक नको. द्रव भरूनही ठोके वेगातच राहिले, ताप चढला किंवा अंग गार पडलं, पांढऱ्या पेशी फार घटल्या, तर मात्र सेप्सिस धरून शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. लस न झालेल्या पिल्लात पार्व्हो विषाणूची चाचणी आधी.

उपवासाचा सल्लाही आता मागे पडला आहे, कारण अस्तराच्या पेशींना पोषण बरंचसं आतड्यातल्या अन्नातूनच मिळतं. उलटी आवरली की, गरज पडल्यास मॅरोपिटंट हे उलटी थांबवणारं औषध देऊन, त्याच दिवशी खाणं सुरू करतात. 10 किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज सुमारे 400 किलोकॅलरी. पहिल्या दिवशी तिचा चौथा हिस्सा, कमी चरबीच्या आणि सहज पचणाऱ्या अन्नातून, पाच-सहा वेळा विभागून. तीन-चार दिवसांत पूर्ण आहार. एकदम पोटभर वाढलं की उलटी परतते. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड घरच्या घरी देऊ नये: कॉलीसारख्या काही जातींत जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि कुत्रा गुंगीत जातो.