वीस जणांचा विभाग आणि दोनशेंचा नमुना

पणजीजवळच्या पठारावर दोन हजार विद्यार्थ्यांचं एक कॅम्पस आहे असं धरू. वाणिज्य विभागात 1100, संगणकात 600, रसायनशास्त्रात 240, मराठीत 40 आणि पोर्तुगीजमध्ये फक्त 20. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवलं तर थांबाल का, एवढंच विचारायचं आहे, आणि त्यासाठी दोनशे जण निवडायचे आहेत.

सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या, तर प्रत्येकाची निवड न होण्याची शक्यता 0.9. पोर्तुगीजचे वीसही जण बाहेर राहण्याची शक्यता 0.9 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 12 टक्के. साधारण दर आठ सर्वेक्षणांत एकदा हा अख्खा विभाग गायब! सोडत प्रामाणिक असूनही.

म्हणून प्रत्येक विभागाचा डबा वेगळा करायचा. याला स्तरित नमुना म्हणतात. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात निवडलं तर पोर्तुगीजचे दोघे नक्की येतात. पण त्या दोघांपैकी एकजण दूरच्या सत्तरी तालुक्यातून बसने येणारा निघाला, तर त्याच्या घरी परतण्याच्या घाईवरून विभागाचं निम्मं मत ठरतं. विभागाबद्दल वेगळं काही सांगायचं असेल, तर तिथून मुद्दाम जास्त माणसं घ्यावी लागतात. समजा पोर्तुगीजचे 12, मराठीचे 15, रसायनचे 24, संगणकाचे 54 आणि वाणिज्यचे 95 घेतले. बेरीज दोनशेच.

आता उत्तरं बघू. ‘हो’ म्हणणारे वाणिज्यात 38, संगणकात 27, रसायनात 12, मराठीत 12, पोर्तुगीजमध्ये 9. एकूण 98, म्हणजे 49 टक्के. हा आकडा पूर्ण कॅम्पसचा म्हणून छापला तर चूक होते, आणि ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते, कारण कागदावर ती कुठेच दिसत नाही. लहान विभागांना आपण जास्त जागा दिली आणि नेमके तेच जास्त उत्सुक होते. हिशेब विभागवार करायला हवा. वाणिज्यचे 40 टक्के म्हणजे 1100 पैकी 440, संगणकाचे निम्मे 300, रसायनचे 120, मराठीचे 80 टक्के म्हणजे 32 आणि पोर्तुगीजचे 75 टक्के म्हणजे 15. बेरीज 907, म्हणजे सुमारे 45 टक्के. यालाच भार देणं म्हणतात: पोर्तुगीजचा प्रत्येक उत्तरदाता पावणेदोनपेक्षा किंचित कमी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलतो, वाणिज्यचा साडेअकरांपेक्षा थोड्या जास्त.

डब्यातून नावं मात्र हजेरीपटावरून सोडत काढूनच घ्यायची. 1934 साली संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी एका निबंधात स्तर पाडून सोडत काढणं आणि ‘प्रातिनिधिक’ वाटणारे गट हाताने निवडणं यांची तुलना केली आणि सोडतीची बाजू सिद्ध केली. पोर्तुगीजच्या बारापैकी पाच जण सापडले नाहीत म्हणून कँटीनमध्ये बसलेले पाच भरले, तर संख्या बारा राहते, पण लवकरच्या बसने घरी जाणारे त्यातून गळतात. ग्रंथालयाच्या प्रश्नात तेच तर महत्त्वाचे होते. त्या पाच जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठायचं, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर अहवालात ‘12 पैकी 7’ असं लिहायचं.