टाइल्स न फोडता बाथरूमच्या भिंती नव्या करायच्या असतील तर

आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "जुन्या टाइल्सवरच काहीतरी लावून द्याल का?" पीव्हीसी पॅनेल, मायक्रोसिमेंट आणि आठ बाय चारच्या मोठ्या शीट, तिन्ही तसं लावता येतं. पण यातलं काहीही गळती थांबवत नाही, फक्त झाकतं. म्हणून नमुने दाखवण्याआधी आम्ही पलीकडच्या खोलीची भिंत बघतो.

ओल कुठे आली आहे यावरून बराच अंदाज येतो. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आले असतील तर संशय लादीवर किंवा न्हाणी ट्रॅपवर. मिक्सरच्या किंवा गिझरच्या उंचीवर डाग असेल तर भिंतीतल्या पाइपवर. पाइपची खात्री प्लंबर टेस्टिंग पंपाने दाब देऊन करतो; पंपाचा काटा उतरला तर आधी पाइप दुरुस्त करायचा, बाकीचं मागून. पूर्वी आम्हीही एका घरी ही तपासणी न करता शीट लावली होती. पावसाळा संपेपर्यंत बेडरूमचा रंग सुटला आणि लावलेलं सगळं आमच्याच खर्चाने काढावं लागलं.

त्यानंतर नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघतो. पोकळ वाजली की ती काढायची आणि खड्डा भरून घ्यायचा. सुटलेल्या टाइलला चिकटवलेली शीट टाइलसकट खाली येते.

पोकळ पीव्हीसी पॅनेल सर्वांत स्वस्त आणि एका दिवसात होणारं काम. त्याची खोड खालच्या कडेला आहे. कापलेल्या कडेतून पाणी आतल्या पोकळ्यांत शिरतं, तिथेच साठतं आणि काही महिन्यांत कुबट वास सुटतो. म्हणून पॅनेल लादीला न टेकवता ५ मिलिमीटर वर ठेवून ती फट सिलिकॉनने भरावी लागते. शॉवरखालच्या भिंतीवर हे पॅनेल आम्ही सुचवत नाही. कोरड्या भागात, बेसिनच्या मागे वगैरे, चांगलं चालतं.

मायक्रोसिमेंट दिसायला देखणं, सलग, बिनसांध्याचं. टाइल्सच्या फटी भरून, प्रायमर मारून, जाळी बसवून थरावर थर द्यावे लागतात. सगळे मिळून जाडी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर होते. दोन थरांमध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो, आणि शेवटच्या सीलरनंतरही साधारण आठवडाभर भिंतीवर पाणी नको. पाणी अडवतो तो हा सीलरच. घरी बोअरचं पाणी असेल आणि पांढरे डाग काढायला ॲसिड वापरायची सवय असेल, तर कृपया हा पर्याय विसरा. ॲसिडने आधी सीलर जातो, मग खालचं सिमेंट खाल्लं जातं.

शॉवरच्या भिंतीला आमची पसंती मोठ्या शीटला, कारण सांधे कमी. अलीकडच्या एका कामाचा हिशोब देतो. बाथरूम ७ फूट लांब, पावणेचार फूट रुंद, दार अडीच फुटांचं, शीट ७ फूट उंचीपर्यंत. दार वजा करून भिंत भरते १३३ चौरस फूट. शॉवरच्या आखूड भिंतीला एकच शीट, म्हणजे तिथे मधे सांधा नाही. लांब भिंतींना दोन-दोन. शॉवरच्या कोपऱ्यापासून अख्खी शीट सुरू केली, त्यामुळे सांधा चार फूट लांब गेला. दुसऱ्या शीटमधून फूटभर रुंदीची पट्टी उरली, तशा दोन. दाराच्या एका बाजूला ६ इंच आणि दुसऱ्या बाजूला ९ इंच हवे होते, ते त्यातच निघाले. एकूण पाच शीट, १६० चौरस फूट. बिल अख्ख्या शीटचं होतं, त्यामुळे माप चौरस फुटात कमी आणि बिलात जास्त दिसलं तर गोंधळू नका.

शीट पीव्हीसीची असेल तर ती उष्णतेने वाढते. तापमानात २० अंशांचा फरक पडला की आठ फुटांच्या शीटची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने बदलते. कोपऱ्यात फट ठेवली नाही, तर उन्हाळ्यात मधेच फुगवटा येतो. गिझर शीटवर टांगायचा नाही. शीटला भोक पाडून लांब बोल्ट मूळ भिंतीत घ्यायचे आणि भोकाभोवती सिलिकॉन भरायचं. धुताना साबण आणि मऊ फडकं पुरे, तारेची घासणी नको.

आम्ही माप घ्यायला येऊ तेव्हा बाथरूमपलीकडच्या भिंतीचं कपाट थोडं पुढे सरकवून ठेवा. ओल बहुतेक वेळा त्याच्याच मागे सापडते.