बेळगावची मराठी फॉन्टात अडकलीय

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी असल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. संमेलन म्हटलं की स्मरणिका आली, अध्यक्षांचं छापील भाषण आलं, शिवाय आपली वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रकं, आणि हे सगळं गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटरवरच टाइप होतंय. म्हणजे मजकूर आहे, भरपूर आहे. तरी चॅटबॉटला खानापूरकडच्या शेतीबद्दल मराठीत काही विचारा, उत्तर येतं ते सरकारी प्रेसनोटसारखं, मधेच एखादं वाक्य चक्क हिंदी वळणाचं, आणि इथल्या बोलीत 'काय करूलास गा' असं लिहिलं तर तो गडबडतोच.

याचं नेहमीचं कारण सगळ्यांना माहितीय, चॅटबॉटमागचं मॉडेल वाचून शिकतं आणि त्याला वाचायला मराठी कमी मिळते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे साधारण ८.३ कोटी लोक होते, पण इंटरनेटवरून गोळा केलेल्या कॉमन क्रॉल नावाच्या प्रचंड साठ्यात (बहुतेक मॉडेलांचा कच्चा माल तिथूनच येतो) मराठीचा वाटा एक दशांश टक्कासुद्धा भरत नाही, इंग्रजीचा मात्र चाळीस टक्क्यांच्या वर आहे. पण यावरून लोक लगेच म्हणतात की मराठी माणूस लिहीतच नाही. हे मला पटत नाही. लिहिलेलं आहे, ते मशीनला वाचता येत नाही, आणि त्यातला मोठा दोष जुन्या डीटीपी फॉन्टांचा आहे.

प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळायच्या आधी श्रीलिपीसारखी फॉन्टांची पॅकेजेस आली आणि छापखान्यांत अजूनही ती चालतात. त्यांच्यात 'म' हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. फाइलमध्ये असतं इंग्रजी कीबोर्डवरचं एखादं चिन्ह, आणि फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी 'म'चं चित्र दाखवतो. स्क्रीनवर आणि कागदावर एकदम झकास मराठी, पण तीच पीडीएफ उघडून मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की डावीकडचं असलं काहीतरी बाहेर येतं:

```
_amR>r       मराठी
~oiJmd       बेळगाव
{ñWVr        स्थिती
H$m`m©b`     कार्यालय
```

आता कॉमन क्रॉलमधनं मजकूर गाळणारा प्रोग्राम ही फाइल बघतो तेव्हा त्याला दिसतो तो हा डावीकडचा कॉलम. भाषा ओळखणारं सॉफ्टवेअर म्हणतं ही कुठलीच भाषा नव्हे, आणि अख्खी स्मरणिका कचऱ्यात. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, बंगळूर, पुणे, कॅलिफोर्निया, कुठंही बसून केलं तरी हेच होणार.

मग उलटं बदलून घ्यायला काय लागतं? वरवर सोपं वाटतं, _ म्हणजे म, a म्हणजे र, m म्हणजे काना, तक्ता करा आणि फाइंड-रिप्लेस मारा. 'मराठी' आणि 'बेळगाव' तेवढ्यानं होतातही. गोची पुढं आहे. 'स्थिती' बघा. { ही पहिली वेलांटी, ती कागदावर अक्षराच्या डाव्या बाजूला दिसते म्हणून फाइलमध्येही आधी येते, युनिकोडमध्ये मात्र ती व्यंजनाच्या नंतर हवी. म्हणून तुम्ही नियम केला की वेलांटी एक चिन्ह पुढं ढकला, की ती अर्ध्या स ला चिकटते आणि शब्द फुटतो, कारण ती ढकलायला हवी अर्धा स आणि थ या दोघांच्याही पलीकडं. म्हणजे अर्धी अक्षरं कुठली हे कन्व्हर्टरला आधी शिकवायला लागतं. 'कार्यालय' याच्या बरोब्बर उलटं, तिथं रफार © शब्दात य आणि काना होऊन गेल्यावर येतो आणि त्याला मागं नेऊन य च्या आधी 'र्' म्हणून बसवायचं असतं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक पॅकेजचा तक्ता वेगळा, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही फरक निघतो, शिवाय स्मरणिकेत मधेच खरी इंग्रजी ओळ असली (जाहिरातीत असतेच) तर कन्व्हर्टर तिचीही 'मराठी' करून मोकळा होतो. म्हणून नुसता मजकूर उचलून भागत नाही, पीडीएफमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात आहे ही माहिती असते, तीसुद्धा सोबत काढायची आणि फक्त त्या फॉन्टातलेच तुकडे बदलायचे.

काम बिघडलंय हे कळायला सगळी पानं वाचत बसायला नको. मराठीत हलन्ताच्या लगेच पुढं काना-मात्रा-वेलांटी कधीच येत नाही, तेव्हा पायथॉनमध्ये एवढं बघितलं तरी पुरतं:

```
import re
text = open('smaranika.txt', encoding='utf-8').read()
print(len(re.findall('[\u094d][\u093e-\u094c]', text)))
```

आकडा शून्याच्या जवळ असला तर वेलांटीचे नियम बहुतेक बरोबर बसलेत, शेकड्यात आला तर परत तक्त्याकडं. डोळ्यांनी बघायचं असेल तर मोडक्या ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ ◌ दिसतं ते शोधा. पण ही तपासणी सगळं पकडत नाही, ठ च्या जागी ढ बसला तरी ती गप्प राहणार, त्यासाठी शंभरेक ओळी छापील पानाशी ताडून बघणारा माणूस लागतोच, आणि तो इथलाच हवा, कारण पुण्याचा प्रूफरीडर इथला बोलीतला शब्द चूक समजून दुरुस्त करून ठेवील.

आणखी एक बारीक भानगड. 'वाऱ्यावर' मधला तो र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्याचा ऱ वापरून आणि दुसरा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखेच, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द, आणि काही साफसफाईचे प्रोग्राम ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून काढतात, मग 'वार्यावर' उरतं. सगळं आधी एकाच पद्धतीत आणून घ्या, साफसफाई नंतर.

एवढं करून मजकूर शुद्ध झाला तरी फाटकावर परत भाषा ओळखणारं सॉफ्टवेअर उभं असतं. फास्टटेक्स्टसारखं मॉडेल अक्षरांच्या छोट्या छोट्या तुकड्यांवरून भाषा ठरवतं आणि सोबत खात्रीचा एक आकडा देतं, ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की पान बाद. छापील अग्रलेख सुखरूप पार होतो. पण आपल्याकडची एकांकिका, ज्यात 'येऊलालो' आहे, 'गा' आहे, मधेच कन्नड शब्द देवनागरीत आलाय, तिच्यावर मॉडेलची खात्री ढासळते, कधी ते कोंकणी म्हणतं तर कधी हिंदी. म्हणजे जे चॅटबॉटच्या मॉडेलला सगळ्यात जास्त शिकायची गरज आहे तेच गाळलं जातं. माझ्या मते इथं आकडा खाली आणण्यापेक्षा सीमाभागातल्या बोलीची हजारभर वाक्यं 'मराठी' असं लेबल लावून त्या ओळखणाऱ्यालाच शिकवणं जास्त शहाणपणाचं. आकडा खाली आणला की सोबत हिंदी आणि मशीननं भाषांतर केलेला भुसाही आत येतो.

फॉन्टाच्याही आधीचं, खिळे जुळवून छापलेलं जे आहे त्याला ओसीआरशिवाय, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय, इलाज नाही. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरमध्ये मराठीचं मॉडेल फुकट मिळतं, स्वच्छ स्कॅनवर बरं चालतं, दोन-तीन कॉलमचं पान असलं की ओळी एकमेकांत घुसतात, तेव्हा कॉलम आधी कापून घ्यायचे.

मात्र ज्यांच्याकडं डीटीपीच्या मूळ फाइली आहेत त्यांनी स्कॅनच्या नादाला लागूच नये, कन्व्हर्टरनं चुका कमी होतात आणि झाल्या तरी एका साच्याच्या होतात, एक नियम दुरुस्त केला की सगळ्या अंकांतून ती चूक जाते. या फाइली जुन्या हार्ड डिस्कवर आणि सीडींवर पडून असतात, डीटीपीवाला धंदा बंद करतो तेव्हा त्या भंगारात जातात. तेव्हा पहिलं काम संमेलनाच्या समितीकडनं लेखी परवानगी घ्यायची, फाइली आणि फॉन्ट दोन्ही कॉपी करून घ्यायचे (फॉन्ट विसरला तर तक्ता करायला काही उरत नाही), आणि जाहिरातींतले, श्रद्धांजलीच्या पानांवरचे फोन नंबर काढून टाकल्याशिवाय कुणाला पुढं पाठवायचं नाही.